कंपनी एक, नोकऱ्या चार

अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून स्टेट बँकेत लागल्या आणि २०१७ मध्ये त्याच बँकेच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्या. पुढे २०२० मध्ये त्यांनी सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतातल्या कारभाराची सूत्रं हाती घेतली. चाळीस वर्षं एकाच बँकेत काढलेल्या व्यक्तीला वेगळ्याच क्षेत्राचं दार उघडलं, पण ती चाळीस वर्षं एका टेबलावर गेलेली नव्हती. बँकेचं न्यूयॉर्कमधलं कार्यालय, मनुष्यबळ विभाग, मर्चंट बँकिंग करणारी एसबीआय कॅपिटल मार्केट्स, नंतर मुख्य वित्त अधिकाऱ्याचं पद असा तो प्रवास होता. पगारपत्रकावरचं नाव एकच राहिलं, काम मात्र दर काही वर्षांनी पालटलं.

अशी वाटचाल केलेली माणसं पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत आणि मुंबईच्या बँकांत पुष्कळ आहेत. पंचेचाळिशीच्या आसपास नोकरी बदलायची वेळ आली की त्यांचा सीव्ही मात्र वेगळंच काही सांगतो.

भोसरीतल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात २००४ साली डिप्लोमा करून लागलेला एक इंजिनिअर कल्पनेत आणू. त्याच्या सीव्हीत बहुधा असं लिहिलेलं सापडेल: ‘२००४ पासून आजतागायत एकाच नामांकित कंपनीत कार्यरत. ट्रेनी ते डेप्युटी जनरल मॅनेजर. क्वालिटी व पर्चेस विभागातील वीस वर्षांचा अनुभव. प्रामाणिक व निष्ठावान.’ यातलं अक्षरही खोटं नाही. तरी वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की माणूस टिकला आणि ज्येष्ठतेनुसार वर सरकला. प्रत्येक टप्प्यावर त्यानं काय नवं केलं, हे कुठेच दिसत नाही.

दुरुस्तीची सुरुवात मांडणीपासून होते. कंपनीचं नाव एकदाच, वर, संपूर्ण कालावधीसह द्यावं. त्याखाली प्रत्येक भूमिका स्वतंत्र नोकरी असल्यासारखी, स्वतःच्या तारखांसह लिहावी आणि सर्वांत अलीकडची आधी ठेवावी. कंपनीचं नाव दर वेळी नव्यानं लिहिलं, तर घाईत वाचणाऱ्याला चार मालक बदलल्याचा भास होतो. उलट सगळी पदं एका ओळीत कोंबली, तर चार कामं एकच वाटतात. मात्र नुसता हुद्दा बदलला आणि काम तेच राहिलं असेल, तर ती दोन पदं खुशाल एकत्र करावीत. ग्रेड वाढली म्हणून वेगळा परिच्छेद केला, की त्याच ओळी पुन्हा लिहाव्या लागतात आणि साचलेपण तिथेच उघडं पडतं.

आपल्या इंजिनिअरच्या चार भूमिका अशा निघतात. २००४ ते २००८ तयार मालाची तपासणी, २००८ ते २०१३ पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता, २०१३ ते २०१८ चाकणच्या नव्या प्लांटचा क्वालिटी विभाग आणि २०१८ पासून पर्चेस. पहिलीला एक ओळ पुरे. शेवटच्या दोन भूमिकांना निम्म्याहून अधिक जागा द्यावी, कारण पुढची नोकरी त्यांच्याच जोरावर मिळणार आहे.

आता खरा मुद्दा. वाढ पदांच्या नावांत फारशी दिसत नाही, ती दिसते एका पदावरून दुसऱ्यावर जाण्याच्या कारणात. म्हणून प्रत्येक भूमिकेची पहिली ओळ ती का मिळाली हे सांगणारी हवी. तपासणीच्या टेबलावर तेच तेच दोष पुन्हा येत होते आणि बरेचसे बाहेरून येणाऱ्या मालातून येत होते. त्यानं ते नोंदवून दाखवलं, म्हणून त्याला पुरवठादारांकडे पाठवलं. तिथे त्यानं चाळीस पुरवठादारांकडची तपासणीची पद्धत बसवून दिली आणि नाकारल्या जाणाऱ्या भागांचं प्रमाण पाच वर्षांत दहा लाखांमागे १,२०० वरून ३०० वर आणलं. चाकणचा प्लांट उभा राहताना क्वालिटी विभाग शून्यातून बांधायला त्यालाच निवडलं, ते या कामामुळे. ही तीन वाक्यं सीव्हीत आली की वीस वर्षं आपोआप एका धाग्यात ओवली जातात आणि ‘निष्ठावान’ हा शब्द खोडता येतो.

आकडा देताना सुरुवात, शेवट आणि मुदत तिन्ही सांगायला हवं. ‘रिजेक्शनमध्ये लक्षणीय घट’ असं लिहिलं तर हातात काहीच उरत नाही. घट सगळ्या टीमची असेल, तर स्वतःचा वाटा नेमका लिहावा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

एकाच कंपनीत राहिलेल्या माणसाबद्दल आणखी एक शंका असते: बाहेरचं जग याला कितपत ठाऊक आहे? तिचं उत्तर कारखान्याबाहेरून आलेल्या बदलांच्या नोंदीत आहे. वाहन उद्योगातल्या पुरवठादारांना सप्टेंबर २०१८ पर्यंत जुन्या गुणवत्ता मानकावरून आयएटीएफ १६९४९ वर यावं लागलं. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं आणि कित्येक भाग नव्यानं मंजूर करून घ्यावे लागले. हे बदल साऱ्या उद्योगाला ठाऊक आहेत. चाकणच्या प्लांटमध्ये मानकाचा बदल किंवा पर्चेसमध्ये बीएस-६ साठीचे नवे पुरवठादार त्यानं सांभाळले असतील, तर परक्या कंपनीतल्या मुलाखतकारालाही त्या कामाचं वजन लगेच कळतं. कंपनीनं घरच्या घरी दिलेला ‘बेस्ट एम्प्लॉयी’ पुरस्कार तेवढं सांगू शकत नाही.

आडवी बदली ही पुष्कळांची दुखरी जागा. क्वालिटीतून पर्चेसमध्ये जाताना ग्रेड वाढली नाही, म्हणून ती बदली लपवली जाते. जनरल मोटर्सच्या मेरी बारा यांची वाटचाल इथे पाहण्यासारखी आहे. १९८० मध्ये त्या शिकता शिकता कंपनीत लागल्या आणि उत्पादन-अभियांत्रिकीत वर गेल्या. २००९ मध्ये, कंपनी दिवाळखोरीतून जात असलेल्या वर्षी, त्यांच्याकडे मनुष्यबळ विभाग आला. तिथून २०११ मध्ये त्या उत्पादन-विकासाच्या प्रमुख झाल्या आणि २०१४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी. आपल्या इंजिनिअरनं आडवी बदली लपवण्याऐवजी ती काय शिकवून गेली ते लिहावं: गुणवत्ता पाहणारा माणूस आता किमतीची बोलणीही करू लागला.

२०१८ पासून हुद्दा तोच असेल, तर त्या पदाचा आवाका पहिल्या दिवशी किती होता आणि आज किती आहे, हे शेजारी शेजारी लिहावं. खरेदीची रक्कम, हाताखालची माणसं, स्वतःच्या सहीनं घेता येणारे निर्णय. यातलं काहीच वाढलं नसेल, तर शब्दांनी ते झाकता येत नाही. अशा वेळी या काळाचा तपशील आवरता ठेवून त्यात पूर्ण केलेल्या एखाद्या ठोस कामावर भर देणं बरं.

हुद्द्यांची नावं मात्र बदलू नयेत. कंपनीतली ‘ई-३’ ग्रेड बाहेर कुणाला कळत नाही, म्हणून पदनामाशेजारी साध्या शब्दांत काम लिहावं, पण पदनाम पत्रात आहे तेच ठेवावं. नोकरी देण्यापूर्वी कागदपत्रं पडताळली जातात आणि रिलीव्हिंग लेटरवर बहुधा फक्त शेवटचं पद असतं. आधीची पदं सिद्ध करायला प्रमोशन आणि बदलीची पत्रंच लागतात. ती कंपनीत असतानाच जमवून ठेवावीत. मधल्या काळात कंपनीचं नाव बदललं असेल किंवा प्लांट समूहातल्या दुसऱ्या कंपनीकडे गेला असेल, तर पीएफच्या नोंदीत दोन मालक दिसू शकतात. सीव्हीत कंसात जुनं नाव दिलं, की हा गोंधळ टळतो.

मुलाखतीत ‘इतकी वर्षं एकाच ठिकाणी का?’ हा प्रश्न येणारच. ‘कंपनीनं खूप दिलं’ या उत्तरात कृतज्ञता आहे, पण निर्णय नाही. २००८, २०१३ आणि २०१८ मध्ये समोर कोणते पर्याय होते आणि प्रत्येक वेळी थांबण्याचं कारण काय होतं, हे त्यानं सांगावं. चाकणचा प्लांट शून्यातून उभारण्याची संधी बाहेर मिळाली नसती, असं त्याला २०१३ मध्ये वाटलं असेल, तर ते तसंच सांगावं. लगोलग आता का निघतोय तेही सांगावं, आणि ते कारण समोरच्या कंपनीतल्या कामाशी जोडलेलं असावं.