ताण सिद्धांत
समाजाने इष्ट मानलेली उद्दिष्टे आणि ती गाठण्याची मान्य साधने यांत अंतर पडल्यास व्यक्तीवर ताण येतो व त्यातून गुन्हा उद्‌भवू शकतो, असे प्रतिपादन करणारी गुन्हाशास्त्रातील एक उपपत्ती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने ती १९३८ मध्ये मांडली. उद्दिष्ट स्वीकारून साधन मात्र अवैध निवडणे, या प्रतिक्रियेत चोरी व घरफोडी यांचा अंतर्भाव होतो.

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठी ऊस व साखर कारखाने आहेत, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथील कोरडवाहू शेतकऱ्याचा शिकलेला पण बेकार मुलगा पक्के घर, मोटारसायकल व विवाह यांची तीच अपेक्षा बाळगतो, जी बागायतदाराचा मुलगा बाळगतो. मार्ग मात्र त्याला बंद असतो. या सिद्धांतानुसार केवळ दारिद्र्याने नव्हे, तर या विसंगतीने ताण उत्पन्न होतो.

तथापि ताण सोसणारे बहुसंख्य तरुण चोरीकडे वळत नाहीत. रिचर्ड क्लोवर्ड व लॉइड ओहलिन यांनी १९६० मध्ये दाखविले, की अवैध मार्गही सर्वांस सारखे खुले नसतात. त्यासाठी साथीदार व चोरीचा माल घेणारा लागतो. उलट, खानापूर-आटपाडी भागातील अनेक तरुण आप्तांच्या आधाराने सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायात शिरून देशभर पसरले. त्यांना पर्यायी वैध वाट मिळाली. म्हणून केवळ अवर्षणावरून गुन्ह्याचे अनुमान करता येत नाही. कोणास कोणती वाट उपलब्ध होती, हेही पाहावे लागते.