दहा जण, दोन संघ आणि जास्तीचे १२६

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाचच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. त्यामुळे संध्याकाळी कॉलनीच्या कोर्टवर नेमके दहा जण जमले, की कोणाला बाहेर बसावे लागत नाही. प्रश्न उरतो तो संघ पाडण्याचा. संघांना नावे नाहीत, वेगळ्या रंगाच्या जर्सी नाहीत. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, एवढेच. असे संघ किती प्रकारे पडतील?

शाळेतले गणित ज्याच्या थोडेफार लक्षात आहे, तो लगेच हिशेबाला बसतो. पाच जण निवडले की उरलेल्या पाचांचा दुसरा संघ आपोआप तयार होतो, म्हणजे दहातून पाच निवडण्याचे प्रकार मोजले की झाले. पहिली निवड दहांतून, दुसरी नवांतून, मग आठ, सात आणि सहा. गुणाकार येतो ३०,२४०. पण तेच पाच जण वेगवेगळ्या क्रमाने १२० वेळा मोजले गेले आहेत, कारण संघात कोण आधी आला आणि कोण मागून, याला अर्थ नाही. ३०,२४० ला १२० ने भागले की २५२.

आकडेमोडीत कुठेही चूक नाही. उत्तर मात्र १२६ आहे.

गफलत कुठे झाली ते दहा माणसांत चटकन दिसत नाही, चार माणसांत दिसते. घरी कॅरमचा डबल्सचा डाव लागला आहे. आई, बाबा, ताई आणि दादा. चौघांतून दोघे निवडायचे तर सहा जोड्या होतात: आई-बाबा, आई-ताई, आई-दादा, बाबा-ताई, बाबा-दादा, ताई-दादा. आता डाव किती प्रकारचे होतील ते पाहा. आई-बाबा एका बाजूला म्हणजे समोर ताई-दादा. आणि यादीतली शेवटची जोडी, ताई-दादा, निवडली तर समोर पुन्हा आई-बाबाच. पहिली आणि सहावी नोंद हा एकच डाव झाला. तसेच दुसरीचे पाचवीशी आणि तिसरीचे चौथीशी. सहा नोंदी, पण डाव तीनच.

दहा जणांत नेमके हेच घडते, फक्त यादी लांबलचक असल्याने डोळ्यांना कळत नाही. ‘हे पाच’ निवडले काय आणि ‘ते पाच’ निवडले काय, मैदानावर दिसणारे दृश्य तेच. २५२ च्या यादीत प्रत्येक विभागणी दोनदा येते. एकदा एका संघाच्या नावावर, एकदा दुसऱ्याच्या.

भागाकार न करताही १२६ पर्यंत पोचता येते, आणि ही वाट जास्त पटणारी आहे. दहांतला कोणी एक धरा, समजा समीर. तो कुठल्या तरी एका संघात असणारच. मग विचारायचे एवढेच, की त्याच्या बाजूने कोणते चौघे खेळणार? उरलेल्या नवांतून चार निवडायचे: ९×८×७×६ म्हणजे ३,०२४, त्याला चौघांच्या २४ क्रमांनी भागले की १२६. इथे काहीही दोनदा मोजले जात नाही, कारण ‘समीरचा संघ’ ही ओळख पक्की आहे. २५२ च्या यादीकडे आता परत पाहिले तर ती सरळ दुभंगते. १२६ नोंदींत समीर निवडलेल्या पाचांत आहे, १२६ नोंदींत उरलेल्या पाचांत.

निवडी मोजण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ती नियम म्हणून दिली आहे. वर उतरते आकडे, खाली चढते आकडे मांडायचे आणि भागत जायचे. जळगाव जिल्ह्यात पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. त्या ‘लीलावती’तच सहा रसांचे उदाहरण येते. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतले एक, दोन, तीन असे रस मिसळून किती पदार्थ होतील? तीन-तीन रसांचे पदार्थ वीस होतात. तिथे निम्मे करण्याची गरज पडत नाही, आणि आपल्या प्रश्नाचे मर्म इथेच सापडते. निवडलेले तीन रस पातेल्यात जातात, उरलेले तीन डब्यातच राहतात. दोन्ही गटांची भूमिका वेगळी आहे. सहाही रस वापरून तीन-तीन रसांचे दोन पदार्थ करा, असा प्रश्न असता तर उत्तर दहा आले असते.

म्हणून ‘दोन गट दिसले की दोनने भागा’ असे पाठ करणे धोक्याचे. दहा जणांचे सहा आणि चार असे गट पाडायचे असतील तर दहातून चार निवडण्याचे २१० प्रकार हेच पूर्ण उत्तर. चौघांचा गट आणि सहांचा गट आकारानेच ओळखू येतात, अदलाबदलीला जागाच नाही. एका संघाला लाल जर्सी दिली तर पाच-पाचचेही उत्तर पुन्हा २५२ होते. आणि दोन कॅप्टन आधीच ठरलेले असतील तर? पहिल्या कॅप्टनने उरलेल्या आठांतून चार उचलायचे, ते ७० प्रकारे. इथेही निम्मे करायचे नाही. कॅप्टनचे नाव हीच संघाची खूण आहे.

खरी फसगत होते ती शक्यता काढताना. समजा चिठ्ठ्या टाकून संघ पाडले. समीर आणि त्याचा जिगरी दोस्त फरहान एकाच संघात येण्याची शक्यता किती? दोघे एकत्र असतील तर त्यांना आठांतून आणखी तीन साथीदार हवेत, ते ५६ प्रकारे मिळतात. हा बिननावाच्या संघांचा आकडा आहे, म्हणून भागायचे १२६ ने. उत्तर नवात चार, निम्म्याहून थोडे कमी. घाईत कोणी ५६ ला २५२ ने भागले तर नवात दोन येते आणि बिचाऱ्या दोस्तांची शक्यता अर्ध्यावर येते. वर-खाली दोन्हीकडे नावाचे संघ धरले तरी चालते, ११२ भागिले २५२ पुन्हा नवात चारच. फक्त वर एक हिशेब आणि खाली दुसरा असे करायचे नाही. पडताळाही सोपा आहे. समीरच्या संघात चार जागा, उरलेले नऊ जण सारखेच दावेदार. म्हणजे फरहानचा वाटा नवात चार. शिवाय दोघे समोरासमोर येण्याचे प्रकार ७०, अगदी कॅप्टनांइतकेच, आणि ५६ अधिक ७० बरोबर १२६.

संघ तीन झाले की भागाकार दोनने भागत नाही. टोकियो ऑलिम्पिकपासून तीन विरुद्ध तीनचे बास्केटबॉलही ऑलिम्पिकमध्ये आले आहे. तसे खेळायला नऊ जण जमले तर एकामागून एक तीन संघ निवडण्याचे १,६८० प्रकार होतात. बिननावाचे तीन संघ आपापसांत सहा प्रकारे मागेपुढे करता येतात, म्हणून सहाने भागायचे: २८०. पण कोर्टवर एका वेळी दोनच संघ उतरणार, तिसरा बाहेर वाट पाहणार. बाहेर बसलेल्या संघाला तेवढ्यानेच ओळख मिळाली. अदलाबदल होऊ शकते ती खेळणाऱ्या दोघांतच. आता भागायचे फक्त दोनने, आणि पहिल्या डावाची मांडणी ८४० प्रकारे होते.