वाढीच्या रेषा, लेखांक ६ : टिंब आणि त्याची वाट

गेल्या आठवड्यात आपण उंचीचा तक्ता पाहिला. आज बीएमआयचा तक्ता घेऊ. शाळेच्या आरोग्य तपासणीनंतर घरी येणाऱ्या कागदावर हल्ली हाच आकडा असतो, आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचलाही तोच जातो. मोजायची रीत सोपी आहे : किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीने भागायचं. मोठ्या माणसाच्या बाबतीत काम इथे संपतं, कारण त्याच्यासाठी हद्दी कायमच्या ठरलेल्या आहेत. मुलाच्या बाबतीत ते इथून सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या तक्त्यात मुलग्यांचा मधला बीएमआय पाचव्या वर्षी साधारण १५.३, दहाव्या वर्षी १६.४ आणि एकोणिसाव्या वर्षी २२.२ आहे. मोठ्यांसाठी १८.५च्या खाली ‘कमी वजन’ धरतात. ती फूटपट्टी दहा वर्षांच्या मुलांना लावली, तर वर्गातली बहुतेक धडधाकट पोरं कुपोषित ठरतील. म्हणून मुलाचा बीएमआय नुसता कधीच वाचायचा नाही. तो त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशेजारी ठेवून वाचायचा, आणि त्यासाठीच पर्सेंटाइल व झेड-स्कोअर या दोन भाषा आहेत.

पर्सेंटाइल हा शब्द महाराष्ट्रातल्या घरांत सीईटीच्या निकालातून शिरला, आणि येताना एक गैरसमज घेऊन आला. परीक्षेत ९३ पर्सेंटाइल म्हणजे पेढे. वाढीच्या तक्त्यावर त्याचा अर्थ इतकाच, की संदर्भातल्या शंभर मुलांपैकी ९३ मुलांचा बीएमआय याच्यापेक्षा कमी आहे. इथे वर जाणं म्हणजे यश नाही आणि ५० म्हणजे जेमतेम पास नाही. पंधराव्या पर्सेंटाइलवर वर्षानुवर्षं शांतपणे वाढणारं मूल अगदी निरोगी असू शकतं. झेड-स्कोअर हीच गोष्ट रांगेतल्या जागेऐवजी अंतराने सांगतो : मधल्या रेषेपासून हे मूल किती पायऱ्या वर किंवा खाली आहे. शून्य म्हणजे मधली रेषा, अधिक १ म्हणजे साधारण ८४वा पर्सेंटाइल, अधिक २ म्हणजे जवळजवळ ९८वा, उणे २ म्हणजे दुसऱ्याच्या जरा वर. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना अधिक १च्या वर अतिवजन, अधिक २च्या वर लठ्ठपणा आणि उणे २च्या खाली कृशता मानते.

या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, आणि तक्ता वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. दहा वर्षांच्या मुलग्यांच्या रेषा पाहा. उणे ३ची रेषा १२.८वर, उणे २ची १३.७वर, मधली १६.४वर, अधिक १ची १८.५वर, अधिक २ची २१.४वर आणि अधिक ३ची २६.१वर. वरच्या बाजूला रेषा फाकत जातात, खालच्या बाजूला दाटत जातात. कारण उघड आहे : वजन वाढायला वर पुष्कळ जागा असते, पण कमी व्हायला शरीरात मुळात फार थोडं शिल्लक असतं. ही पायरी किलोमध्ये मांडली की ती अंगावर येते. १३८ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला अधिक २वरून अधिक ३वर जायला सुमारे ९ किलो वाढावं लागतं. उणे २वरून उणे ३वर घसरायला पावणेदोन किलो पुरतात. म्हणजे बारीक मुलाचं दीड-दोन किलो वजन उतरलं, तर ‘तापातून उठलाय, भरून येईल’ म्हणून सोडून देण्याइतकी ती किरकोळ गोष्ट नाही. तो एका अख्ख्या पायरीवरून खाली आलेला असतो. दुसऱ्या टोकाला पर्सेंटाइल गप्प बसतो. या वयात बीएमआय २८वरून २५वर आला, तर कागदावर आधीही ९९ आणि नंतरही ९९च दिसतं. घरादाराने वर्षभर केलेली मेहनत त्या आकड्यात उमटत नाही, झेड-स्कोअरमध्ये उमटते. म्हणून बोलताना पर्सेंटाइल वापरा, पण एका मोजणीची दुसऱ्या मोजणीशी तुलना करताना झेड-स्कोअरच धरा.

आता एक मुलगा कल्पू. आठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्याची उंची १२७ सेंटिमीटर आणि वजन २५.३ किलो होतं. बीएमआय १५.७, म्हणजे बरोबर मधल्या रेषेवर; झेड शून्य. दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हा उंची १३८, वजन ३८ किलो. १.३८ला १.३८ने गुणलं की १.९०४; ३८ला त्याने भागलं की जवळजवळ २०. हा आकडा १८.५ आणि २१.४ या दोन रेषांच्या मध्ये पडतो. झेड-स्कोअर साधारण अधिक १.५, पर्सेंटाइल ९३. नुसता आजचा कागद पाहिला, तर निष्कर्ष निघतो ‘अतिवजन, पण लठ्ठ नाही’, आणि बहुतेक घरांत ‘पण’च्या पुढचं तेवढं ऐकलं जातं. दोन्ही टिंबं जोडली की वेगळंच दिसतं. दोन वर्षांत उंची ११ सेंटिमीटर वाढली, ती अगदी वयाला साजेशी. वजन मात्र १२.७ किलो वाढलं. मधल्या रेषेवर राहायला ६ किलो पुरले असते. दीड पायरीची चढण दोन वर्षांत झाली आहे, आणि असंच चालू राहिलं तर तो लवकरच अधिक २ची रेषा ओलांडेल. उलट, पाचव्या वर्षापासून अधिक १.५वरच राहिलेला दुसरा मुलगा आज त्याच टिंबावर उभा असेल. त्याच्याकडेही लक्ष हवंच, पण त्याच्या बाबतीत अलीकडे काही बिघडलेलं नाही. टिंब एकच असलं तरी पहिल्याच्या घरात विचारायला हवं, की या दोन वर्षांत काय बदललं : खेळ सुटला, झोप तुटली, घर बदललं, की एखादं औषध सुरू झालं?

आणखी एक तिसरा मुलगा घ्या, कारण त्याच्यासाठी हा लेख लिहिणं मला सर्वांत गरजेचं वाटतं. आठव्या वर्षी तोही १२७ सेंटिमीटरचाच होता. दहाव्या वर्षी त्याची उंची १३१ आणि वजन ३४ किलोच्या जरा वर. भागाकार करा, बीएमआय पुन्हा २०च्या आसपास आणि झेड तोच, अधिक १.५. पण याची उंची दोन वर्षांत अवघी ४ सेंटिमीटर वाढली आहे. या वयात वर्षाला निदान ४-५ सेंटिमीटर वाढ हवी. खाण्यापिण्यामुळे वजन वाढलेली मुलं सहसा बरोबरीच्यांपेक्षा उंचच असतात. वजन चढतंय आणि उंची अडलीय हा मेळ दिसला, की थायरॉइडसारख्या ग्रंथींच्या आजाराची शंका घ्यावी लागते. अशा मुलाला ‘कमी खा, पळ जरा’ असं सांगून परत पाठवणं ही गंभीर चूक आहे. बीएमआयचा तक्ता त्याला पहिल्या मुलापासून वेगळा काढू शकत नाही. तो फरक उंचीच्या तक्त्यावरच दिसतो. दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय वाचन पुरं होत नाही, ते यासाठी.

अर्थात टिंबं जोडायची तर आधी ती नीट पडायला हवीत. आपल्याकडे ‘दहावं लागलं’ म्हणजे नऊ पूर्ण. फॉर्मवर मात्र १० लिहिलं जातं. वरच्या पहिल्या मुलाचा बीएमआय नऊ वर्षांच्या रेषांवर मांडला, तर झेड अधिक १.५ऐवजी अधिक १.८ येतो. तीन सेंटिमीटर टाचेच्या बुटांसकट उंची घेतली, तर तो अधिक १.२वर उतरतो. म्हणून जन्मतारखेवरून पूर्ण वर्षं आणि महिने काढावेत, बूट-मोजे उतरवून उंची घ्यावी, आणि दोन मोजण्यांमधला पाव पायरीचा फरक लगेच मनाला लावून घेऊ नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो : हे तक्ते परक्या मुलांचे, आपल्या मुलांना कशाला? आक्षेपात तथ्य आहे. २००७चा तक्ता मुख्यतः अमेरिकेतल्या जुन्या मोजमापांवरून नव्याने बांधला गेला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०१५मध्ये ५ ते १८ वयासाठी भारतीय मुलांचे तक्ते काढले, आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. त्यांतल्या अतिवजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेषा प्रौढ वयात अनुक्रमे २३ आणि २७ या बीएमआयला जाऊन मिळतात. जागतिक तक्त्यातल्या तशा रेषा साधारण २५ आणि ३०ला. म्हणजे भारतीय तक्ता लवकर सावध करतो. इथल्या मुलासाठी मी तोच निवडेन. पण वर मांडलेला मुद्दा त्याने बदलत नाही. चढण मोजायची, तर दोन्ही टिंबं एकाच पट्टीवर हवीत. शाळेने एका तक्त्यावर आणि दवाखान्याने दुसऱ्यावर काढलेले पर्सेंटाइल जोडले, तर मूल जागचं न हलताही रेषा वरखाली जाते. म्हणून पर्सेंटाइल नव्हे, तर तारीख, उंची आणि वजन जपून ठेवा. त्यावरून कुठल्याही तक्त्यावर पुन्हा मांडणी करता येते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : बीएमआय चरबी मोजतच नाही. खरं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय रेषा खाली का ओढाव्या लागल्या, हे या एका जोडीवरून कळतं. पण या आक्षेपाचा रोख एकट्या टिंबावर आहे. दोन माणसांची तुलना करताना बीएमआय फसवतो. एकाच मुलाची कालच्या स्वतःशी तुलना करताना बराच कमी फसवतो, कारण त्याची अंगकाठी दोन्ही वेळी तीच असते. वयात येण्याचा काळ एवढा अपवाद. तेव्हा मुलग्यांचे स्नायू आणि मुलींची चरबी निसर्गतःच झपाट्याने वाढते, आणि लवकर वयात येणारं मूल काही काळ रेषा ओलांडून पुढे जातं. त्या वयात डॉक्टरांनी शरीरातले बदल तपासल्याशिवाय आलेखावरून काही ठरवू नये.

पहिल्या मुलाचं पुढे काय करायचं, हेही तक्ताच सांगतो. बाराव्या वर्षी त्याची उंची १४९च्या आसपास असेल, आणि त्या वयाची अधिक १ची रेषा १९.९वर आहे. १.४९ला १.४९ने गुणून त्याला १९.९ने गुणलं की ४४ किलो येतात. आज तो ३८ किलोचा आहे. म्हणजे एक किलोही कमी न करता, दोन वर्षांत ६ किलो वाढूनसुद्धा, तो अर्धी पायरी खाली येऊन अधिक १च्या रेषेवर पोचतो. त्याच्या ताटातली पोळी काढून घ्यायची गरज नाही. वर्षाला सहा किलोंच्या वर गेलेली वाढ तीनवर आणायची आहे, बाकीचं काम उंची करील. पुढच्या लेखांकात वयात येण्याच्या वर्षांतला उंचीचा वेग पाहू.