मातीचा रंग 'काळा' म्हणजे नेमका किती काळा? तीन खुणांत लिहिता येतो कुठलाही रंग

एकाच बांधावर उभे असलेले दोन शेतकरी समोरच्या ढेकळाला दोन नावं देतात. एक म्हणतो काळी, दुसरा म्हणतो भुरकट. पूर्व विदर्भात कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशी मातीची नावं आहेत. कोकणात तांबडी, नदीकाठी मळई. ही नावं कामाची आहेत, त्यात रंगाबरोबर पोतही कळतो. पण पुढच्या तालुक्यात गेलं की त्याच नावाचा अर्थ बदलतो. मग नागपूरचा माती सर्वेक्षक आणि रत्नागिरीचा माती तज्ज्ञ एकमेकांना फोनवर रंग सांगतात तरी कसा? ते '10YR 3/2' असं काहीतरी म्हणतात आणि पलीकडच्या माणसाला तो रंग डोळ्यांसमोर दिसतो.

ही पद्धत मातीच्या माणसाने शोधलेली नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात अल्बर्ट मन्सेल नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते. विद्यार्थ्यांना रंग शिकवताना 'पोपटी', 'आकाशी' अशा शब्दांनी त्यांचं काम भागेना, कारण प्रत्येकाचा पोपटी वेगळा. १९०५ साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकात मांडली. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने माती सर्वेक्षणासाठी ती उचलली आणि आता जगभर मातीचा रंग असाच लिहितात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या अहवालांत मातीच्या प्रत्येक थरापुढे अशी खूण असते.

10YR 3/2 वाचायचं कसं?

यात तीन गोष्टी आहेत. पहिली ह्यू, म्हणजे रंग कुठल्या घराण्यातला: लाल, पिवळा, हिरवा, निळा की जांभळा. दुसरी व्हॅल्यू, म्हणजे तो किती उजळ किंवा किती काळपट. तिसरी क्रोमा, म्हणजे रंगाचा भडकपणा. त्यात राखाडी किती मिसळलंय आणि रंग किती शिल्लक आहे ते.

घरातलं उदाहरण घेऊ. गेरू आणि कुंकू दोन्ही तांबड्या घराण्यातले. कुंकू डोळ्यात भरतं, गेरू तसा मळकट, शांत. हा मुख्यतः क्रोमाचा फरक. कुंकवाची जुनी साडी धुऊन धुऊन विटली की तिचा क्रोमा कमी होतो. तीच साडी ओली झाली की जास्त काळपट दिसते, ती व्हॅल्यू खाली गेली. चित्रकार सावली रंगवताना नेमकं हेच करतात: ह्यू फारसा हलवत नाहीत, व्हॅल्यू उतरवतात. सावलीत सरसकट काळा रंग ओतला की क्रोमाही मरतो आणि चित्र धुरकटल्यासारखं दिसतं.

आता खुणेकडे. YR म्हणजे पिवळा आणि लाल यांच्या मधलं घराणं. R नुसता लाल, Y नुसता पिवळा. अक्षराआधीचा आकडा त्या घराण्यात कुठे आहोत ते सांगतो. लहान आकडा लालाकडे, मोठा आकडा पिवळ्याकडे. म्हणून 2.5YR तांबडट आणि 10YR पिवळसर तपकिरी. कोकणातल्या जांभ्याच्या माती बहुधा लालाकडच्या पानांवर सापडतात, तर देशावरच्या काळ्या माती 10YR किंवा त्याच्याही पुढच्या 2.5Y पानावर.

मधली तिरपी रेघ म्हणजे भागाकार नाही, 'तीन बटे दोन' असं वाचून गणित करायचं नाही. रेघेआधीचा ३ म्हणजे व्हॅल्यू. शून्य म्हणजे ठार काळा, दहा म्हणजे पांढराशुभ्र. तीन म्हणजे चांगलाच काळपट. रेघेनंतरचा २ म्हणजे क्रोमा. शून्य असला की रंगच नाही, फक्त राखाडी. दोन म्हणजे रंगाची नुसती झाक. मातीत हा आकडा सहसा आठच्या पुढे जात नाही. थोडक्यात 10YR 3/2 म्हणजे पिवळसर तपकिरी घराण्यातला, फार काळपट, जवळजवळ राखाडीकडे झुकलेला रंग. आपली काळी जमीन ओली असताना याच्या आसपासच असते.

ढेकूळ हातात घेतल्यावर

मन्सेलचं मातीचं पुस्तक खिशात मावेल एवढं. प्रत्येक पान एका ह्यूचं, त्यावर छोट्या रंगीत टिकल्या. खालून वर गेलं की उजळ होत जातं, डावीकडून उजवीकडे गेलं की भडक. टिकल्यांच्या बाजूला भोकं असतात, त्यामागे माती धरून रंग जुळवायचा. पुस्तक महाग असतं, कृषी विद्यापीठांच्या मृदाशास्त्र विभागात ते पाहायला मिळतं.

ढेकूळ हाताने मोडून आतला ताजा पृष्ठभाग घ्यायचा, बाहेरची धूळ लागलेली बाजू नाही. त्यावर थोडं थोडं पाणी शिंपडायचं. पाणी टाकूनही रंग आणखी बदलत नाही, तिथे थांबायचं. माती चकाकायला लागली तर पाणी जास्त झालं, वरच्या पाण्याची चमक रंगात मिसळते आणि वाचन चुकतं. हा ओला रंग लिहून झाला की तीच माती वाळवून परत वाचायची. वाळल्यावर ह्यू बहुतेक तोच राहतो, पण व्हॅल्यू एक-दोन अंकांनी वर चढते. म्हणून ओला की कोरडा हे न लिहिलेली खूण अर्धवट असते. उन्हाळ्यात पाहिलेली जमीन आणि पावसात पाहिलेली जमीन वेगळी वाटते, तिथलं भांडण बरंचसं यावरच मिटतं.

वाचायचं उघड्या उन्हात, ऊन पाठीमागून पुस्तकावर पडेल असं उभं राहून. सकाळी लवकर आणि संध्याकाळी ऊन तांबूस असतं, तेव्हा माती आहे त्यापेक्षा लाल दिसते. गॉगल काढायचा. ट्यूबलाइटखाली, झाडाच्या हिरव्या सावलीत किंवा लाल ताडपत्रीखाली वाचलेला रंग धरायचा नाही. टिकलीशी तंतोतंत जुळणी क्वचितच होते. जवळची टिकली लिहायची. दोन अनुभवी माणसांत एका टिकलीचा फरक पडतो, तो चालतो.

अनेकांना वाटेल की मोबाइलवर फोटो काढून काम होईल. तसं होत नाही. मोबाइलचा कॅमेरा फोटो 'चांगला' दिसावा म्हणून उजेड आणि रंग स्वतःच बदलतो. भोवती हिरवं पीक असलं की एक रंग, मोकळं रान असलं की दुसरा. वर प्रत्येक स्क्रीनचा उजेड वेगळा. फोटो पाठवायचाच असेल तर ढेकळाशेजारी पांढरा कोरा कागद ठेवावा, म्हणजे पाहणाऱ्याला निदान उजेडाचा अंदाज येतो. नेमकी खूण मात्र डोळ्याने आणि टिकलीनेच ठरते.

रंगातून पाणी कसं दिसतं

एवढी उठाठेव कशासाठी, तर मातीतला रंग मुख्यतः दोन गोष्टींचा असतो. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाने माती काळपट होते आणि लोखंडाच्या गंजाने तांबडी किंवा पिवळी. गंज टिकायला हवा लागते. मातीत पाणी साचून राहिलं, हवा संपली, की सूक्ष्मजीव गंजातल्या लोखंडाचं पाण्यात विरघळणाऱ्या रूपात रूपांतर करतात आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. मागे उरतो मातीचा उघडा राखाडी रंग. म्हणजे क्रोमा पडतो.

एक उदाहरण धरू. कालव्याच्या खालच्या अंगाला एक जुनं भाताचं रान आहे आणि मालकाला तिथे संत्र्याची बाग लावायची आहे. तीन फुटांचा खड्डा घेतला. वरच्या फूटभर थराचा ओला रंग 10YR 4/3, वाळल्यावर 10YR 6/3. साधी तपकिरी माती. एक ते दोन फुटांत 10YR 5/4. इथे क्रोमा तीनवरून चारवर गेला, म्हणजे लोखंड जागेवर आहे, हवा खेळते. दोन फुटांखाली मात्र 2.5Y 6/2 आणि त्यात अधूनमधून 7.5YR 5/8 चे गंजाचे ठिपके, मुख्यतः जुन्या मुळांच्या नळ्यांभोवती.

क्रोमा चारवरून एकदम दोनवर आला आणि व्हॅल्यू वर चढली, म्हणजे इथून लोखंड निघून गेलं आहे. ठिपके आहेत तिथे मुळांच्या वाटेने हवा शिरली आणि लोखंड परत गंजून बसलं. दोन्ही मिळून अर्थ एकच: वर्षातला काही काळ पाणी दोन फुटांपर्यंत वर येऊन थांबतं. खड्डा एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत असला तरी रंग ऑगस्टची गोष्ट सांगतो. संत्र्याची मुळं पाण्यात गुदमरतात आणि मूळकूज लागते. त्यामुळे या रानात आधी चर काढून पाणी उतरवावं लागेल, नाहीतर भातच बरा.

निकाल देण्याआधी दोन-तीन शंका फेडाव्या लागतात. चुन्यानेही माती फिकी पडते. तिच्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून फसफसलं तर चुना आहे हे कळतं. काही ठिकाणी मूळ खडकच राखाडी असतो, तिथे क्रोमा कमी असला तरी गंजाचे ठिपके दिसत नाहीत. आणि वर्षांपूर्वी चर काढून पाणी उतरवलेल्या रानातही जुने ठिपके तसेच राहतात, रंग लगेच पुसला जात नाही. म्हणून एका पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पाणी किती वर येतं ते पट्टीने मोजलेलं चांगलं. कायम पाण्याखाली राहिलेली निळसर राखाडी माती खड्ड्यातून काढून उघड्यावर ठेवली तर हवेने तिचा रंग तपकिरीकडे सरकू लागतो, तो तर पक्काच पुरावा.

खरी अडचण काळ्या जमिनीत येते. तिची व्हॅल्यू आधीच दोन-तीन, क्रोमा एक-दोन. राखाडी होणं त्या काळोखात झाकून जातं, ठिपके दिसतच नाहीत. अशा रानात रंगावर निचऱ्याचा निर्णय घेऊ नये. पाणी किती दिवस साचतं, भेगा कुठपर्यंत जातात हेच बघावं लागतं. शिवाय काळेपणा म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब हा समजही इथे फसवतो. आपल्या काळ्या मातीत कर्ब बहुधा कमीच असतो, पण चिकणमातीच्या कणांना घट्ट बिलगून बसलेला थोडासा सेंद्रिय पदार्थही तिला एवढा काळा रंग देतो. नत्र, स्फुरद, पालाश किती हे तर कुठलीच टिकली सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो, आणि देताना पिशवीवर थराची खोली आणि ओल्या रंगाची खूण लिहिली की अहवाल वाचणाऱ्याला त्या रानाची निम्मी ओळख आधीच झालेली असते.