राजगड ते तोरणा: नकाशावर चौदा सेंटिमीटर

राजगडाहून धारेवरून तोरण्याला जायचे ठरले की पहिला प्रश्न अंतराचा येतो. कुणी सात किलोमीटर सांगतो, कुणी अकरा. दोघेही एकाच नकाशावर बोट ठेवून बोलत असतात आणि दोघांचेही बरोबर असू शकते. हे कसे, ते समजून घ्यायला पट्टी, कागदाची एक अरुंद चिठ्ठी, थोडा दोरा आणि कोनमापक एवढेच साहित्य लागते.

नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे पत्रक, ज्याला शाळेपासून ट्रेकरांपर्यंत सगळे टोपोशीट म्हणतात. असे एक पत्रक १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश एवढा भूभाग दाखवते. राजगडाचा बालेकिल्ला १८ अंश १५ मिनिटे या अक्षवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे आणि तोरणा उत्तरेला. म्हणजे दोन किल्ले दोन पत्रकांवर येतात. मोजणीआधी एका पत्रकाचा समास आतल्या चौकटीवर नीट दुमडून ते दुसऱ्याला भिडवावे लागते. जोडात दोन मिलिमीटरची फट राहिली तरी अंतरात शंभर मीटरपर्यंत चूक शिरते.

आता बालेकिल्ल्याच्या खुणेपासून तोरण्याच्या माथ्यापर्यंत पट्टी लावली की सुमारे १४.२ सेंटिमीटर भरतात. १ : ५०,००० याला संख्याप्रमाण म्हणतात आणि त्याला एकक नसते. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर आणि कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे ५०,००० इंच. म्हणून १४.२ ला ५०,००० ने गुणायचे. ७,१०,००० सेंटिमीटर येतात. एका किलोमीटरमध्ये १,००,००० सेंटिमीटर असतात, तेव्हा उत्तर ७.१ किलोमीटर.

प्रात्यक्षिकाच्या वहीत सर्वाधिक चुका याच शेवटच्या पायरीवर होतात. सेंटिमीटरचे मीटर करायला शंभराने आणि मीटरचे किलोमीटर करायला हजाराने भागायचे असते. घाईत फक्त हजाराने भागले जाते आणि राजगड-तोरणा अंतर ७१० किलोमीटर होऊन बसते. यावर सोपा उपाय आहे. नकाशाचे प्रमाण आधी शब्दांत उतरवून घ्यावे: १ सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. मग मोजलेल्या सेंटिमीटरांचे निम्मे केले की झाले. शून्ये मोजण्याची वेळच येत नाही.

पत्रकाच्या तळाशी हेच प्रमाण आडव्या पट्टीच्या रूपात काढलेले असते. ते रेषाप्रमाण. त्यासाठी गुणाकार लागत नाही. कागदाच्या चिठ्ठीची कड दोन्ही किल्ल्यांना भिडवायची, पेन्सिलीने दोन खुणा करायच्या आणि चिठ्ठी उचलून त्या पट्टीवर धरायची. मात्र ही पट्टी नीट पाहावी. तिचे शून्य डाव्या टोकाला नसते, एक मोठा भाग सोडून आत असते. शून्याच्या उजवीकडे पूर्ण किलोमीटर मांडलेले असतात, तर डावीकडचा एक किलोमीटर बारीक भागांत विभागलेला असतो. ते दहा असतील, तर प्रत्येक भाग शंभर मीटरचा.

चिठ्ठीची उजवी खूण ७ वर ठेवली की डावी खूण शून्याच्या डावीकडे एका बारीक भागावर पडते. वाचन होते ७ किलोमीटर १०० मीटर. पट्टी तेवढी लांब नसेल, तर आधी चार किलोमीटर मोजून चिठ्ठीवर तिथे खूण करायची आणि उरलेले तीन-सव्वातीन पुन्हा मोजायचे. जो नवशिका पट्टीच्या अगदी डाव्या टोकापासून मोजायला लागतो आणि उजवीकडचा आकडा तसाच वाचतो, त्याचे उत्तर बरोबर एक किलोमीटरने कमी येते. उत्तर नेमके एकाने चुकले असेल तर कारण बहुधा हेच.

एकाच गोष्टीसाठी दोन प्रमाणे छापायचे कारण झेरॉक्सच्या दुकानात कळते. नकाशाचा हवा तो तुकडा ए-थ्री कागदावर होता आणि सॅकमध्ये मावावा म्हणून तो ए-फोरवर लहान करून घेतला, असे समजू. यंत्र प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्क्यांवर आणते. १४.२ सेंटिमीटरचे १० सेंटिमीटर होतात. पण कोपऱ्यात छापलेली अक्षरे मात्र १ : ५०,००० अशीच राहतात. त्यांवर विसंबून हिशेब केला की उत्तर ५ किलोमीटर येते. दोन किलोमीटर कागदावरच गायब! रेषाप्रमाणाची पट्टी मात्र नकाशाबरोबरच आक्रसलेली असते. तिच्यावर चिठ्ठी धरली तर आजही ७ किलोमीटर १०० मीटरच वाचले जातात.

म्हणून हातात आलेल्या कोणत्याही प्रतीवर पहिले काम हे: छापलेल्या पट्टीवरचा एक किलोमीटर आपल्या पट्टीने मोजावा. १ : ५०,००० च्या मूळ पत्रकावर तो दोन सेंटिमीटरच भरला पाहिजे. १.४ सेंटिमीटर भरला, तर प्रत लहान केलेली आहे आणि तिचे खरे संख्याप्रमाण १,००,००० भागिले १.४, म्हणजे जवळपास १ : ७१,००० झाले आहे. मोबाइलवर आलेल्या नकाशाच्या फोटोला तर छापील संख्याप्रमाण लागूच पडत नाही, कारण दोन बोटांनी चित्र ताणले की प्रमाण बदलते. आणि मूळ प्रतीवरची पट्टीच फोटोतून कापली गेली असेल, तर त्या फोटोवरून अंतर काढूच नये.

राहिला सात की अकरा हा वाद. ७.१ किलोमीटर हे हवाई अंतर आहे. वाट धारेवरून वळणे घेत जाते. ती मोजायला दोरा किंचित ओला करून प्रत्येक वळणावर बोटाने दाबत वाटेवर बसवायचा आणि मग सरळ करून पट्टीला लावायचा. दोरा २२ सेंटिमीटर भरला तर वाट अकरा किलोमीटरची. दोरा ताणला जाऊ नये, म्हणून दोनदा मोजून सरासरी घेतलेली बरी.

हा फरक चढ-उतारामुळे पडतो असा अनेकांचा समज असतो. नकाशा सपाट अंतर दाखवतो हे खरे. पण हिशेब करून पाहावा: एक किलोमीटर सपाट अंतरात वाट ३०० मीटर चढली, तर पायथागोरसच्या नियमाने चढाची लांबी सुमारे १,०४४ मीटर होते. एवढ्या दमछाक करणाऱ्या चढानेही वाढ अवघी ४४ मीटरची. चढ वेळ आणि दम खातो, लांबी वाढवतात ती वळणे. त्यातही धारेवरची लहान लहान वळणे १ : ५०,००० वर दिसतच नाहीत, कारण अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलीची रेघसुद्धा जमिनीवर २५ मीटर रुंद ठरते. त्यामुळे दोऱ्याचे उत्तरही प्रत्यक्ष चालीपेक्षा थोडे कमीच निघते.

दिशेसाठी राजगडाच्या खुणेतून उत्तर-दक्षिण रेघ काढायची आणि तोरण्यापर्यंतची रेघ तिला जोडायची. कोनमापकाचा मध्य राजगडावर ठेवला की उत्तरेपासून पश्चिमेकडे साधारण ६२ अंश दिसतात. दिगंश मात्र नेहमी उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात, म्हणून ३६० मधून ६२ वजा करून २९८ अंश लिहायचे. ही पश्चिम-वायव्य दिशा झाली. तिथेच ६२ लिहिले तर होकायंत्र तोरण्याकडे पाठ करून पूर्व-ईशान्येला न्यायला लागते. पत्रकाच्या समासात भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक दिलेला असतो. महाराष्ट्रात तो फार थोडा आहे, तरी पत्रकाचे साल पाहून वाचावा, कारण तो वर्षागणिक बदलतो.

तोरण्यावर पोहोचल्यावर पडताळा घेता येतो. २९८ मधून १८० वजा केले की ११८. होकायंत्रावर ११८ अंश धरून पाहिले आणि समोर बालेकिल्ला उभा दिसला, की कागदावरची रेघ आणि जमिनीवरची दिशा जुळली.