एक खेळतो, दुसरा दाखवतो

‘व्हॅलोरंट’सारखा नेमबाजीचा गेम खेळणाऱ्याची नजर शत्रूवर असते आणि अधूनमधून स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर. सेकंदाला किती चित्रं तयार होताहेत, म्हणजे फ्रेम रेट किती आहे, ते तो आकडा सांगतो. एरवी 300 दाखवणारा हा आकडा खेळ लोकांना थेट दाखवायला, म्हणजे स्ट्रीम करायला घेतला की खाली येतो. त्याहून वाईट म्हणजे तो स्थिर राहत नाही आणि ऐन चकमकीत गचके बसतात.

असं का होतं हे समजायला थोडा हिशेब मांडावा लागतो. 1920 बाय 1080 ठिपक्यांचं चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायचं, तर ते सेकंदाला साधारण साडेबारा कोटी ठिपके होतात. जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला जवळपास 3 गिगाबिट लागतील. ट्विचवर मात्र साधारण 6 मेगाबिटचा स्ट्रीम पाठवतात, म्हणजे माहिती पाचशेपट दाबायची. या दाबण्याला एन्कोडिंग म्हणतात. हे काम प्रोसेसरकडे दिलं, तर ज्या प्रोसेसरवर गेम चालतो त्याच्याच वेळेत वाटेकरी येतो. सेकंदाला 240 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम 4 मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात वाटेकरी परवडत नाही.

जुना पण बरा उपाय म्हणजे दोन कॉम्प्युटर. पहिल्यावर फक्त गेम चालवायचा, ओबीएससारखं स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर तिथे टाकायचंच नाही. त्याच्या ग्राफिक्स कार्डातून एचडीएमआय केबल काढायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या कॅप्चर कार्डात खोचायची. पहिल्या कॉम्प्युटरला वाटतं, आपल्याला एक मॉनिटर जोडलाय. चित्र पकडणं, त्यावर कॅमेऱ्याची चौकट लावणं, एन्कोड करून वर पाठवणं, ही सगळी हमाली दुसरा करतो.

कागदावर हे इतकं सोपं आहे, पण गोची होते ती त्या केबलपाशी.

धरा, मॉनिटर 240 हर्ट्‌झचा आहे आणि कार्ड 60 फ्रेम घेणारं. बरेच जण मॉनिटर डिस्प्लेपोर्टला लावतात, कार्ड एचडीएमआयला, आणि विंडोजमध्ये ‘Duplicate’ निवडून मोकळे होतात. आता एकच चित्र दोन वेगवेगळ्या वेगांच्या ठिकाणी जायचं असतं. अशा वेळी विंडोज कधीकधी दोघांना जमेल असा वेग निवडतं, आणि मॉनिटर गुपचूप 60वर येतो. गंमत अशी की कोपऱ्यातला आकडा तरीही 300च दाखवतो, कारण गेम तितक्या फ्रेम खरोखरच तयार करत असतो. त्या डोळ्यांपर्यंत पोचत नाहीत, एवढंच. म्हणून फ्रेम रेट शाबूत आहे हे त्या आकड्यावरून ठरवू नये. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘Advanced display’ उघडून मॉनिटर खरोखर किती हर्ट्‌झवर चाललाय ते पाहावं.

दुसरी वाट म्हणजे पासथ्रू. केबल आधी कार्डात जाते आणि कार्ड तेच चित्र जसंच्या तसं दुसऱ्या केबलने मॉनिटरला देतं. विंडोजला एकच पडदा दिसतो, त्यामुळे वेगांचा वाद उरत नाही. मात्र कार्डाच्या खोक्यावर दोन वेगळे आकडे असतात, पकडण्याचा एक आणि पुढे देण्याचा एक, आणि खेळणाऱ्याच्या कामाचा आकडा दुसरा. काही कार्डं पुढेही 60 हर्ट्‌झच देतात. तशा कार्डावर 240चा मॉनिटर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. मॉनिटरही तपासावा लागतो. कित्येक मॉनिटर पूर्ण वेग फक्त डिस्प्लेपोर्टवर देतात आणि एचडीएमआयवर कमी, आणि कॅप्चर कार्डांची भाषा बहुतेक एचडीएमआयचीच. मग मुकाट्याने ‘Duplicate’कडे परतावं लागतं आणि वर सांगितलेली तपासणी करावी लागते.

144 हर्ट्‌झवाल्यांची आणखी एक तक्रार असते: माझ्याकडे खेळ सुरळीत आणि बघणाऱ्यांना मात्र तो अडखळत दिसतो. 144ला 60ने भागलं की 2.4 येतात. म्हणजे स्ट्रीमसाठी कधी दुसरी फ्रेम उचलली जाते, कधी तिसरी, आणि कॅमेरा वळवताना ही विषम पावलं डोळ्यांना खुपतात. 120 किंवा 240ला 60ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे मॉनिटर 120वर ठेवला की प्रेक्षकांची तक्रार बरीचशी मिटते. खेळणाऱ्याचे 24 हर्ट्‌झ जातात, हे खरं. कोणाला खूश ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन पेनड्राइव्हएवढी स्वस्त कॅप्चर कार्डं मिळतात, त्यांच्याबद्दलही सांगायला हवं. खोक्यावर ‘4K’ छापलेलं असतं, पण ते बहुधा आत घेण्यापुरतं. यातली बरीचशी आतून यूएसबी 2.0ची असतात, प्लग निळा असला तरी. यूएसबी 2.0मधून सेकंदाला 480 मेगाबिटच्या वर काही जात नाही, आणि 1080चं 60 फ्रेमचं न दाबलेलं चित्र `YUY2` स्वरूपातही 2 गिगाबिटच्या घरात असतं. मग कार्ड ते आधीच दाबून `MJPEG` म्हणून पाठवतं, रंग विटतात आणि अक्षरांच्या कडा मळकट होतात. ओबीएसमध्ये कार्डाची प्रॉपर्टीज उघडून `YUY2` निवडा. 1080ला सेकंदाला 5 फ्रेम एवढाच पर्याय दिसला, तर काय समजायचं ते समजा.

आवाजाचं त्रांगडं वेगळंच. गेमचा आवाज एचडीएमआयमधून चित्राबरोबरच जातो, त्यामुळे त्यांची जोडी जमलेली असते. माइक मात्र थेट दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलेला असतो. कार्डाला चित्र पोचवायला थोडा वेळ लागतो आणि बोलणं आधी पोचतं. ही तफावत मोजता येते. माइक माउसजवळ ठेवा, ओबीएसमध्ये माइक आणि गेम वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि एक गोळी झाडा. रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत उघडलं की एका ट्रॅकवर क्लिकचा टोकदार उंचवटा दिसतो आणि दुसऱ्यावर, जरा पुढे, गोळीचा. दोहोंत 90 मिलिसेकंदांचं अंतर असेल, तर ओबीएसच्या ‘Advanced Audio Properties’मध्ये माइकच्या ‘Sync Offset’मध्ये 90 टाका. क्लिक आणि गोळी यांच्यात गेमचाही थोडा वेळ असतो, पण कानाला तो जाणवत नाही. दोन कॉम्प्युटर 3.5 मिलिमीटरच्या ऑडिओ केबलने जोडले आणि सतत घूंऽऽ असा आवाज येऊ लागला, तर दोष बहुतेक अर्थिंगच्या फेऱ्याचा असतो. मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की तो थांबतो.

दुसरा कॉम्प्युटर कितपत दमदार हवा? जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर x264ने ‘medium’ला 1080चे 60 फ्रेम एन्कोड करायला गेलात, तर तो दमेल. ओबीएसच्या ‘Stats’मध्ये `Skipped frames due to encoding lag` हा आकडा चढत जाणं ही त्याची खूण. `Dropped frames (Network)` चढत असेल, तर दोष इंटरनेटचा, कॉम्प्युटर बदलून काही होणार नाही. इंटेलच्या प्रोसेसरात क्विक सिंक असेल, तर एन्कोडिंग त्याच्यावर सोपवून जुन्या मशीनवरही भागतं.

आणि खर्च करण्याआधी एक विचार करावा. एनव्हिडियाच्या 2018च्या ट्युरिंग पिढीपासून ग्राफिक्स कार्डातला स्वतंत्र एन्कोडर इतका सुधारला आहे की पुष्कळांचं एकाच कॉम्प्युटरवर निभतं. त्यातही ओबीएसला चित्र जुळवायला ग्राफिक्स कार्डाचा थोडा वेळ लागतोच, आणि कार्ड 100 टक्के गुंतलेलं असेल तर तो वेळ बोचतो. आपल्याकडे तो किती बोचतो हे कॅपफ्रेमएक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने मोजता येतं. एकाच नकाशावर तोच मार्ग तीनदा चाला: एकदा नुसता गेम, एकदा ओबीएस सुरू ठेवून, आणि एकदा ओबीएस बंद करून एचडीएमआयला दुसरा पडदा लावून. सरासरीकडे फार पाहू नका. सर्वांत मंद 1 टक्का फ्रेमचा आकडा पाहा, गचके तिथेच दिसतात. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत तो जवळपास सारखाच आला, तर कॅप्चर कार्डाचे पैसे चांगल्या माइकवर घालावेत.