पॅकअपनंतरचा मेसेज

समजा, वाईजवळच्या मेणवली घाटावर मराठी सिनेमाचं आउटडोअर चाललंय. ऑक्टोबर महिना. बुधवारी सकाळी नऊ ते रात्री नऊची शिफ्ट ठरलेली; दुपारी पावसाने दोन-अडीच तास खाल्ले आणि पॅकअप झालं साडेअकराला. गुरुवारचा कॉल सकाळी सातचा होता. आता लाइन प्रोड्युसरला युनिटच्या ग्रुपवर नव्या वेळा टाकायच्या आहेत.

नवखा माणूस साडेअकरापासून तास मोजतो. मुरलेला लाइन प्रोड्युसर विचारतो, सगळ्यात शेवटी कोण झोपणार? पॅकअपची हाक झाली की नट गाडीत बसतात, पण लाइटमन केबल गुंडाळत असतात. सामान टेम्पोत चढवायला साडेबारा, हॉटेलवर पोचायला एक. त्यांना दहा तास विश्रांती द्यायची तर अकराच्या आत त्यांना हॉटेलमधून हलवता येत नाही. त्यांना आणणारा ड्रायव्हरही तेवढाच जागलेला असतो, आणि घाटरस्त्यावर त्याची डुलकी सगळ्यांनाच महागात पडते.

नायकाचं काम मात्र दहालाच संपलं होतं. त्याला लवकर बोलावता येईल? येईल, पण त्याचा मेकअपमन शेवटच्या शॉटपर्यंत सेटवर होता. म्हणून लवकर सुटलेल्या असिस्टंटला पाठवायचं, तेही दुसऱ्या गाडीने. मेसेज लिहिण्याआधी असे दोन-चार फोन झालेलेच असतात.

मग मेसेज जातो: ‘पावसामुळे आज उशीर झाला. उद्याचा सातचा कॉल रद्द. लाइट आणि कॅमेरा : हॉटेलमधून ११, सेटवर ११.३०. मेकअप असिस्टंट आणि नायक : सेटवर ११. पहिला शॉट १ वाजता. नाश्ता हॉटेलवर, जेवण सेटवर. पॅकअप रात्री ८, त्यापुढे नाही. सीन २७ शुक्रवारी.’

चूक कोणाची, दिग्दर्शकाने किती टेक घेतले, हे त्यात नसतं. ते ग्रुपवर लिहिलं की सकाळी काम कमी आणि कुजबुज जास्त.

खरी किंमत शेवटच्या दोन वाक्यांत आहे. घाटावरचं ऊन सहाच्या सुमारास जातं. एकला सुरुवात केली तर पाचच तास उजेड, त्यात दिवसाचे तीन सीन बसत नाहीत. एक पुढे ढकलावा लागतो. आठचं पॅकअप त्याच्यासाठीच. ते पाळलं तर लाइटमन साडेनऊला हॉटेलवर पोचतात आणि शुक्रवारी आठला पुन्हा सेटवर येऊ शकतात. इथे हात सैल सोडला की शुक्रवारची सकाळही गेली. आणि शनिवारी नायिकेचा पुण्यात नाटकाचा प्रयोग आहे. तिकिटं विकली गेलेली असतात, त्यामुळे शनिवार मागायची सोयच नाही. शुक्रवारी सकाळी आधी तिचे क्लोजअप उरकायचे, समोरच्याचे नंतर.

मेसेजवर सगळ्यांचे अंगठे उमटतात. तरी जनरेटरवाल्याला आणि ड्रायव्हरांना वेगळा फोन लागतोच, कारण ते ग्रुपवर नसतात.